स्क्वॉश क्लबची शिडी : वरची जागा खेळूनच का टिकवावी लागते?



आज आपण अशा एका स्पर्धेची माहिती घेणार आहोत, जिला ड्रॉ नसतो, फायनल नसते आणि शेवटची तारीखही नसते. ती वर्षभर चालू राहते. निदान चालू राहावी अशी अपेक्षा असते. ही स्पर्धा म्हणजे स्क्वॉश क्लबमधील लॅडर. आपण तिला सरळ ‘शिडी’ म्हणू या.

स्क्वॉश तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मुंबई-पुण्यातील काही जिमखान्यांत आणि क्लबांत त्याची कोर्टं आहेत. चार भिंतींची बंद खोली, ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद. दोन खेळाडू एकाच बाजूला उभे राहून रबरी बॉल समोरच्या भिंतीवर मारतात. गेम ११ पॉइंटांची असते, १०–१० झाले तर दोन पॉइंटांची आघाडी लागते, आणि पाचपैकी तीन गेम जिंकणारा मॅच जिंकतो. म्हणजे एका मॅचला लागतात फक्त दोन माणसं, एक कोर्ट आणि साधारण पाऊण तास. शिडीची पद्धत या खेळाला छान जुळते ती याचमुळे. सगळ्यांना एका दिवशी गोळा करावं लागत नाही. ज्या दोघांना जमेल, त्यांनी जमेल तेव्हा खेळायचं.

शिडी म्हणजे काय?

क्लबमधील खेळाडूंची नावं एकाखाली एक लिहायची. सगळ्यात वर एक नंबर, सगळ्यात खाली शेवटचा. खालच्या खेळाडूने वरच्याला आव्हान द्यायचं. जिंकला तर तो वर चढतो. हरला तर काहीच बदलत नाही, दोघं आपापल्या जागी. पूर्वी नोटीस बोर्डावर नावांच्या पट्ट्या लावून त्या वरखाली सरकवत. आता बऱ्याच ठिकाणी मोबाईलवर यादी असते. पण कल्पना तीच.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, की झालं, यात समजावण्यासारखं काय आहे? आता एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही दोन नंबरवर आहात. खालून एक तरुण खेळाडू आव्हान देतोय. खेळून जिंकलात, तर तुम्ही दोन नंबरवरच राहणार. हरलात, तर खाली येणार. मग खेळायचं कशाला?

शिडी याच प्रश्नापाशी अडते. वरच्या माणसाला मॅचमधून मिळण्यासारखं काही नसतं, गमावण्यासारखं मात्र असतं. तो मुद्दाम टाळतो असंही नाही. तो म्हणतो, “बघू, पुढच्या आठवड्यात.” पुढच्या आठवड्यात ऑफिसचं काम निघतं, मग पाठ दुखते. दोन महिन्यांत खालचे विचारणं सोडून देतात. यादी बोर्डावर तशीच राहते, पण ती कोण चांगलं खेळतं हे सांगत नाही. दोन महिन्यांपूर्वी कोण चांगलं खेळत होतं, हे सांगते.

म्हणून शिडीच्या नियमांचं खरं काम मॅच कशी खेळावी हे सांगण्याचं नाही. न खेळणं हे हरण्यापेक्षा महाग पडलं पाहिजे, हे त्यांचं काम. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

पहिला नियम : किती पायऱ्या वर?

बहुतेक शिड्यांत आव्हानाला मर्यादा असते. आपण तीन पायऱ्यांची मर्यादा धरू. आठव्या नंबरवरचा खेळाडू सातव्या, सहाव्या किंवा पाचव्याला आव्हान देऊ शकतो, चौथ्याला नाही. मर्यादा नसेल तर सगळे एक नंबरवाल्याच्याच मागे लागतील आणि एकतर्फी मॅच होतील. एकाच पायरीची मर्यादा ठेवली, तर तुमच्या वरचा खेळाडू गावाला गेला की तुम्ही अडकलात. तीन पायऱ्या म्हणजे एक नाही तर दुसरा कोणीतरी मोकळा सापडतोच.

दुसरा नियम : जिंकल्यावर काय सरकतं?

इथे दोन पद्धती आहेत. पहिली अदलाबदलीची. आठवा जिंकला आणि पाचवा हरला, तर आठवा पाचव्या जागी आणि पाचवा थेट आठव्या जागी. दुसरी पद्धत मध्ये शिरण्याची. आठवा पाचव्या जागी शिरतो, आणि जुना पाचवा, सहावा, सातवा हे तिघंही एकेक पायरी खाली सरकतात.

दोन्हींत फरक काय पडतो ते बघा. अदलाबदलीत एका पराभवाने माणूस तीन पायऱ्या कोसळतो. साहजिकच तो खेळायला घाबरतो. शिवाय सहावा आणि सातवा निवांत बसून राहू शकतात, त्यांचं काही बिघडत नाही. मध्ये शिरण्याच्या पद्धतीत हरणारा एकच पायरी उतरतो, म्हणून तो आव्हान सहज स्वीकारतो. आणि सहावा-सातवा न खेळताही खाली जातात, म्हणून ते रॅकेट घेऊन बाहेर पडतात. शिडी हलती ठेवायची असेल तर दुसरी पद्धत बरी. आपण तीच घेऊ.

तिसरा नियम : मुदत

आव्हान मिळाल्यावर दोन दिवसांत उत्तर द्यायचं आणि दहा दिवसांत मॅच खेळायची. आव्हान देणाऱ्याने तीन वेगवेगळ्या वेळा सुचवायच्या, त्यातली एक तरी शनिवार-रविवारची हवी. वरच्याला त्यातली एकही जमली नाही आणि त्याने दुसरी वेळही दिली नाही, तर आव्हान देणारा वॉकओव्हरने जिंकला असं धरायचं. तीन वेळा सुचवण्याची अट महत्त्वाची आहे. नाहीतर एखादा चलाख खेळाडू मंगळवारी दुपारी तीनची एकच वेळ देऊन फुकट वर चढेल.

चौथा नियम : लगेच बदला नाही

ज्याच्याशी हरलात त्याला पंधरा दिवस पुन्हा आव्हान द्यायचं नाही. दुसऱ्या कोणाला देऊ शकता. हा नियम नसेल तर दोघंच एकमेकांशी आलटून पालटून खेळत राहतात आणि बाकीच्यांना ते मोकळे सापडत नाहीत.

पाचवा नियम : बसून राहिल्यास एक पायरी खाली

महिन्याभरात एकही मॅच खेळली नाही, तर महिनाअखेरीस एक पायरी उतरायचं. वॉकओव्हर दिला तर ती मॅच धरायची नाही. नाहीतर घरी बसलेला माणूसही ‘खेळला’ असं ठरेल.

एक महिना करून पाहू

आता हे नियम एका कल्पित क्लबाला लावून बघू. आठ खेळाडू आहेत. १ जुलैची शिडी वरून खाली अशी :

अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह

‘ब’ हे क्लबचे जुने सभासद, बँकेत नोकरी करणारे गृहस्थ. ‘ह’ ही नुकतीच आलेली कॉलेजातली मुलगी. नवीन म्हणून तिला शेवटची जागा मिळाली आहे.

२ जुलैला ‘ह’ने पाचव्या नंबरच्या ‘इ’ला आव्हान दिलं. ६ तारखेला मॅच झाली आणि ती ३–२ अशी जिंकली. आता शिडी झाली : अ, ब, क, ड, ह, इ, फ, ग.

‘ग’कडे लक्ष द्या. तो खेळलाच नव्हता, तरी सातव्यावरून आठव्या जागी आला. बोर्ड पाहिल्यावर त्याने ९ तारखेला ‘फ’ला आव्हान दिलं आणि १३ तारखेला ३–१ जिंकला. शिडी : अ, ब, क, ड, ह, इ, ग, फ. म्हणजे ‘ह’च्या एका विजयाने दुसरी मॅच घडवून आणली. मध्ये शिरण्याची पद्धत असते ती यासाठीच.

दरम्यान १० तारखेला ‘ह’ने पाचव्या जागेवरून दुसऱ्या नंबरच्या ‘ब’ यांना विचारलं, “सर, शनिवारी सकाळी, सोमवारी संध्याकाळी की बुधवारी, कधी जमेल?” ते म्हणाले, “बघू या, या आठवड्यात जरा ओढाताण आहे.” दुसरी वेळ त्यांनी दिली नाही. २० तारखेला दहा दिवस भरले. वॉकओव्हर. शिडी : अ, ह, ब, क, ड, इ, ग, फ.

काहींना हे अन्यायाचं वाटेल. कालपरवा आलेली मुलगी न खेळता दोन नंबरवर? पण पुढे काय झालं ते पाहा. या वॉकओव्हरने ‘क’ही तिसऱ्यावरून चौथ्या जागी गेला होता. त्याने २१ तारखेला ‘ह’ला आव्हान दिलं, आणि २५ तारखेला ३–० असा सरळ जिंकला. शिडी : अ, क, ह, ब, ड, इ, ग, फ. वॉकओव्हरने चढलेली जागा पाच दिवसांत तपासली गेली. खेळाडू खेळत असतील, तर शिडीतली चूक फार काळ टिकत नाही.

‘इ’ला मात्र अजून ‘ह’शी हिशेब चुकता करायचा होता. ६ तारखेपासून पंधरा दिवस संपले तेव्हा तो सहाव्या जागी होता आणि ती दुसऱ्या. चार पायऱ्यांचं अंतर, म्हणजे आवाक्याबाहेर. मग त्याने २४ तारखेला त्याच्या लगेच वर असलेल्या ‘ड’ला आव्हान दिलं. २९ तारखेच्या मॅचमध्ये ‘ड’ ३–२ जिंकला. शिडीत बदल नाही, पण दोघांच्या नावापुढे ताजी तारीख लागली.

३१ जुलैला हिशेब केला. महिन्यात न खेळलेले दोघं : ‘अ’ आणि ‘ब’. ‘ब’ एक पायरी उतरले. ऑगस्टची शिडी सुरू झाली ती अशी :

अ, क, ह, ड, ब, इ, ग, फ

‘ब’ महिन्यात बॉलला एकदाही न लागता दुसऱ्यावरून पाचव्या जागी आले. आता कल्पना करा, की ते १५ तारखेला खेळले असते आणि हरले असते. तरीही एकच पायरी उतरून तिसऱ्या जागी आले असते, आणि मॅच खेळल्यामुळे महिनाअखेरची पायरीही वाचली असती. हरणं स्वस्त, टाळणं महाग. नियमांनी करायचं ते हेच.

एक नंबरचा प्रश्न

तुम्ही म्हणाल, ‘अ’ही खेळला नाही, मग तो का नाही उतरला? चांगला प्रश्न आहे. मधल्या खेळाडूला कोणी आव्हान दिलं नाही तरी तो वर कोणाला तरी देऊ शकतो. म्हणून न खेळण्याला त्याच्याकडे सबब नाही. एक नंबरच्या वर कोणीच नाही. कोणी विचारलंच नाही, तर त्याने काय करायचं? त्यामुळे आव्हान न आलेल्या एक नंबरवाल्याला पाचवा नियम लावत नाहीत. आव्हान येऊनही टाळलं, तर मात्र त्यालाही वॉकओव्हर आणि उतरणं लागू.

पण एवढ्याने वरचं टोक थंड पडू शकतं. खालच्यांना वाटतं, ‘त्याच्याशी कोण खेळणार? हरणारच आहोत.’ यावर साधा उपाय असा, की दोन नंबरवर असणाऱ्याने महिन्यातून एकदा एक नंबरला आव्हान द्यायचंच, नाहीतर महिनाअखेरीस त्याची एक पायरी जाईल. म्हणजे दोन नंबर ही बसून राहण्याची जागा उरत नाही.

वेळ संपली तर?

ही बाब बारीक वाटते, पण भांडणं इथेच होतात. समजा, क्लबमध्ये कोर्ट ४५ मिनिटांसाठी मिळतं. त्यातली पाच मिनिटं बॉल गरम करण्यात जातात, कारण थंड बॉल उसळतच नाही. उरलेल्या वेळात पाच गेम संपतीलच असं नाही. दोन-दोन गेम झाल्या आणि बाहेर पुढची जोडी दारावर टकटक करतेय, तर निकाल काय?

‘मॅच अपुरी, जागा तशाच’ असा नियम केलात तर फसाल. मग वरच्या खेळाडूला वेळ काढण्यात फायदा. बुटाची लेस बांधायची, घाम पुसायचा, बॉल आणायला सावकाश जायचं. त्यापेक्षा असं ठरवावं : ज्याच्या गेम जास्त तो जिंकला, गेम सारख्या असतील तर चालू गेममध्ये जो पुढे तो, तिथेही बरोबरी असेल तर एकच पॉइंट खेळून निकाल. हे मॅचच्या आधी लिहिलेलं हवं, दारावर टकटक झाल्यावर सुचलेलं नको.

दुखापत, परीक्षा आणि नवीन खेळाडू

पाय मुरगळलेल्या माणसाला ‘टाळतोय’ म्हणणं बरोबर नाही. त्याने आधी कळवावं आणि यादीत त्याच्या नावापुढे ‘रजा’ लिहावं. रजेवर असताना त्याला आव्हान नाही आणि महिनाअखेरची पायरीही नाही. पण जागा राखीव धरायची नाही. बाकीचे खेळाडू मोजताना त्याचं नाव वगळून पुढे जातात. तो परत आला की निघाला होता त्याच्या दोन पायऱ्या खाली उभा राहतो. कायमची राखीव जागा दिली, तर वरच्यांची पाठ फार वेळा दुखू लागते!

नवीन खेळाडूला शेवटी ठेवणं सोपं, पण तो खरोखर चांगला असेल तर वाटेतल्या सगळ्यांना एकतर्फी मार बसतो. म्हणून काही क्लब नवीन खेळाडूला एकदाच, कुठल्याही पायरीला आव्हान देण्याची सूट देतात. जिंकला तर ती जागा त्याची, हरला तर सगळ्यात खालून सुरुवात. ‘ह’ला ही सूट असती, तर कदाचित तिने पहिल्याच आठवड्यात ‘क’शी सामना केला असता.

शिडी थंडावतेय हे कसं ओळखायचं?

यादीत नावापुढे फक्त नंबर लिहू नका, शेवटच्या मॅचची तारीखही लिहा. मग नंबर न बघता तारखांचा रकाना वरून खाली वाचा. वरच्या तीन-चार नावांपुढे जुन्या तारखा आणि खाली ताज्या असतील, तर वरचे टाळत आहेत. मुदतीचा नियम कागदावरच राहिला आहे. तीच दोन नावं पुन्हा पुन्हा एकत्र दिसत असतील, तर पंधरा दिवसांचा नियम पाळला जात नाही. वॉकओव्हर मॅचपेक्षा जास्त झाले असतील, तर दोष खेळाडूंचा नसेलही. बहुधा संध्याकाळची कोर्टं मिळत नाहीत आणि दहा दिवस कमी पडतात. अशा वेळी मुदत चौदा दिवस करून बघावी.

आणि सगळ्यात खालच्या नावाकडे जरूर बघा. तो प्रत्येक मॅच हरतो आहे आणि त्याला कोणी आव्हानही देऊ शकत नाही, कारण त्याच्या खाली कोणी नाही. शिडी सोडून जाणारा पहिला माणूस बहुतेक तोच असतो. तो गेला की त्याच्या वरचा शेवटचा होतो. म्हणून शिडी बघणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी त्याची मॅच जुळवून द्यावी.

शिडीची मर्यादा

शिडी फक्त क्रम सांगते, अंतर सांगत नाही. पहिला आणि दुसरा यांच्यात एका पॉइंटाचा फरक असेल, दुसरा आणि तिसरा यांच्यात प्रचंड असेल. यादीत दोन्ही एकेकच पायरी. दुसरं म्हणजे शिडी फार लांब झाली की खालच्याला वर दिसेनासं होतं. गणित करा : ४० जणांच्या शिडीत शेवटून पहिल्या जागी यायला ३९ पायऱ्या, एका विजयात जास्तीत जास्त तीन, म्हणजे किमान १३ विजय. आठ जणांच्या शिडीत तीनच पुरतात. म्हणून सभासद खूप असतील तर शिडीचे दोन भाग करावेत, किंवा पाच-सहा जणांचे गट करून महिन्यात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायची पद्धत वापरावी.

वहीत सोडवा

ऑगस्टची शिडी घ्या : अ, क, ह, ड, ब, इ, ग, फ. आधी ‘फ’ने ‘ब’ यांना हरवलं. मग ‘ब’ यांनी ‘ह’ला आव्हान दिलं आणि जिंकले.

१. दुसऱ्या मॅचच्या वेळी ‘ब’ कितव्या जागी होते? हे आव्हान नियमात बसतं का?
२. दोन्ही मॅचनंतरची शिडी लिहा.
३. एकही मॅच न खेळता कोण कोण खाली सरकलं?

उत्तरं : (१) सहाव्या. ‘ह’ तिसऱ्या जागी, म्हणजे बरोबर तीन पायऱ्या वर, त्यामुळे बसतं. (२) अ, क, ब, ह, ड, फ, इ, ग. (३) ड, इ आणि ग. आता या तिघांपैकी आधी कोण फोन उचलेल असं तुम्हाला वाटतं, आणि तो कोणाला आव्हान देऊ शकेल, तेही लिहा.